कोरडी फरशी

सपात मागे राहिली आणि सासूबाई पुढे गेल्या.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या पॅसेजमधून बाथरूमकडे चालल्या होत्या. डाव्या पायातली सपात मधेच गळून पडली आणि त्या एक पाय झाकलेला, एक उघडा, अशा तशाच पुढे गेल्या. गार फरशी तळव्याला लागली की कुणीही थबकेल, खाली बघेल. त्यांनी बघितलं नाही. बाथरूमचं दार लागलं. मी सपात उचलून दाराशी ठेवली. बाहेर आल्यावर त्यांनी ती पायात सरकवली, आणि ही इथं कशी आली असं विचारलंसुद्धा नाही.

सासूबाई म्हणजे साधी असामी नव्हे. जन्मभर बाळंतपणाच्या वॉर्डात नर्सची नोकरी, शेवटी सगळ्या नर्सांवरची मेट्रन होऊन निवृत्त. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना अजून मेट्रनच म्हणतात. कुणाचं पोर तापलं, कुणाला पित्त झालं, की लोक आधी आमच्या दाराची बेल वाजवतात आणि मग डॉक्टरकडे जातात. माझ्या नवऱ्याच्या दृष्टीनं तर आई म्हणजे शेवटचा शब्द. उद्या आईनं सांगितलं की सूर्य थकलाय, त्याला चार दिवस विश्रांती द्या, तर हा खिडकीचे पडदे ओढून घेईल.

आणि खोटं कशाला बोलू, मीही त्यांच्याच भरवशावर होते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासणं, फ्रेममध्ये बसवणं, गिऱ्हाइकाच्या नाकावर नीट टेकवणं हे माझं काम. चिमी झाल्यावर बाळंतपणाची रजा संपली तशी मी अर्धा दिवस जाऊ लागले, आणि येत्या महिन्यापासून पूर्ण दिवस जायचं ठरलं होतं. चिमी आजीकडे. त्यात विचार करण्यासारखं काय आहे? जिच्या हातावर सगळ्या गावाची पोरं पहिल्यांदा रडली, तिच्या हातात नात द्यायची नाही तर कुणाच्या?

त्यांची एक पद्धत होती. मी दुपारी घरी आले की त्या चिमीला नुसती माझ्याकडे देत नसत. आधी चार्ज देत. वॉर्डात एका नर्सची पाळी संपते आणि दुसरीची सुरू होते, तेव्हा पेशंटची सगळी हकिगत सांगून मगच जायचं असतं, तसा. "दूध घेतलं. दोनदा झोपली. पोट साफ. उजव्या कानामागे पुरळ आहे, लक्ष ठेव. चार्ज घे." मी "घेतला" म्हणायचं, मग चिमी माझ्याकडे. सुरुवातीला मला हसू यायचं. एकदा मी नुसतीच मान हलवली तर म्हणाल्या, "तोंडानं बोल. चार्ज देणाऱ्यानं काही लपवायचं नाही आणि घेणाऱ्यानं काही गृहीत धरायचं नाही. नाहीतर पेशंट जातो." त्यानंतर मी तोंडानं बोलू लागले.

सपातेच्या त्या दिवसानंतर मला घर वेगळं दिसायला लागलं.

पॅसेजच्या भिंतीवर, कमरेच्या थोडं वर, एक मळकट पट्टा उमटला होता. त्यांच्या खोलीच्या दारापासून निघून बाथरूमपर्यंत जाणारा. मी तो पुसला. आठवड्याभरात पुन्हा आला. मग खुर्च्या. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या टेबलाशी राहीनाशा झाल्या. एक दिवाणखान्याच्या मधोमध, एक कपाटाजवळ, एक स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. मी त्या जागेवर नेऊन लावायची आणि दुकानातून परत आले की त्या पुन्हा पांगलेल्या असायच्या. एके दिवशी मी मुद्दाम त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि एका खुर्चीवरून दुसरीकडे नजर नेली, तेव्हा लक्षात आलं. हात लांब केला की पुढची खुर्ची हाताला लागेल, इतक्याच अंतरावर त्या ठेवलेल्या होत्या.

"आई, या खुर्च्या?"

"केर काढताना सरकतात गं."

केर मी काढत होते.

त्यांची चाल लहान झाली होती. पूर्वी त्या यायच्या तर टाचांचा आवाज आधी यायचा, आणि नवरा लहानपणी तो ऐकून पुस्तक उघडायचा म्हणे. आता नुसती फरफर ऐकू यायची. हात चालताना हलत नव्हते, अंगाशी धरलेले असायचे. वळायचं झालं तर गर्रकन वळणाऱ्या बाई आता जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत फिरायच्या. किराण्याची चिठ्ठी लिहीत तर अक्षर मुंगीएवढं. आणि चेहरा. चिमी त्यांच्याकडे बघून बोळकं पसरून हसायची. त्या म्हणायच्या, "हसली गं माझी राणी," शब्द अगदी मायेचे, पण तोंडावरची रेघ हलायची नाही. चिमी थोडा वेळ वाट बघायची, मग मान वळवून माझ्याकडे बघायची. हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय म्हणून सांगायचं?

नवऱ्याला बाकीचं मात्र सांगून बघितलं.

"वय झालंय तिचं," तो म्हणाला. "पळायला लावणार आहेस का?"

"अरे, दंडावर काळंनिळं आहे. परवा कोपरावर होतं."

"दार लागलं म्हणाली. आणि अगं, ती नर्स आहे. काही असतं तर तिला आधी कळलं नसतं का?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण त्याचा आईवरचा विश्वास म्हणजे काँक्रीट, आणि डोकं आपटून घ्यायची मला हौस नव्हती. वर त्यानं मोठ्या कौतुकानं त्या मऊ मऊ, मागून उघड्या सपाता आईसाठी आणलेल्या. मीही काही कमी नव्हते. माझ्या दुकानातल्या सगळ्यात भारी काचा मी त्यांना बसवून दिल्या होत्या. एकाच काचेत वर लांबचं, मध्ये मधलं, खाली वाचायचं. पट्टी नाही, जोड नाही. "सूनबाईनं डोळे दिले," असं त्या बिल्डिंगभर सांगत होत्या.

मग बेसिनची गोष्ट घडली. सकाळची वेळ, लख्ख उजेड. त्या साबण लावून तोंड धूत होत्या आणि मी मागे टॉवेल घेऊन उभी होते. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात तोंडावर नेले, आणि सरळच्या सरळ मागे झुकू लागल्या. ना ओरडल्या, ना हात पसरले. एखादी शिडी भिंतीवरून सुटावी तशा. मी टॉवेल टाकून दोन्ही हातांनी पाठ धरली. आम्ही दोघी बसकण मारून खाली आलो. साबणाच्या फेसातून त्यांनी डोळे उघडले.

"पाय घसरला," त्या म्हणाल्या.

मी फरशीवर हात फिरवला. फरशी कोरडी होती.

"आई, पाणी सांडलेलंच नाही."

"मग तूच धक्का दिलास," त्या म्हणाल्या. हे विनोदानं म्हटलेलं होतं, पण चेहरा हसत नव्हता, त्यामुळे मला घाबरायला झालं. उठताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "त्याला सांगू नकोस. उगीच घोर लावून घेईल. आणि मग पोरीला कुणाकडे ठेवशील? पाळणाघरात? मला थोडी चक्कर येते, त्याची गोळी मी घेते. चालू आहे माझं औषध."

"कुणी दिली?"

"दिली होती डॉक्टरनं. आता मला कळतं काय घ्यायचं ते."

त्यांच्या गोळ्या एका जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असत. त्या डब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. संपलेली पट्टी औषधवाल्याकडे पाठवायची, तो तशीच भरलेली द्यायचा. मेट्रनला कोण विचारणार? औषधवाल्याच्या दोन्ही मुली त्यांच्याच वॉर्डात जन्मलेल्या.

मी गप्प बसले. महिना संपत आला होता, आणि दुकानाच्या मालकानं पूर्ण दिवसाचं विचारून ठेवलं होतं. पण त्या दिवसापासून दुकानात काच घासताना माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. गिऱ्हाईक बोलत असे आणि माझ्या कानात ती फरफर चालू असे. ती मध्येच थांबली तर काय, एवढाच एक विचार.

आणि ती थांबली.

त्या दुपारी मी किल्लीनं दार उघडलं. घरात आवाज नव्हता. चिमी झोपली असेल म्हणून मी दबकत आत आले, आणि पॅसेजच्या तोंडाशी ती सपात उलटी पडलेली दिसली.

सासूबाई भिंतीला पाठ लावून खाली बसल्या होत्या, पाय पुढे पसरून. उजव्या हाताच्या बेचक्यात चिमी गाढ झोपली होती. डावा हात मांडीवर पडला होता आणि मनगटाशी असा वाकडा झाला होता की तिथं हात वाकायलाच नको. चष्मा दूर कपाटाखाली गेला होता. त्यांच्या ओठांवर घाम होता. किती वेळ अशा बसल्या असतील देव जाणे. उठायला धरायचा हात मोडलेला, आणि दुसऱ्या हातात पोर.

त्याच आधी बोलल्या.

"दूध घेतलंय. रडली, पण लगेच गप्प झाली. डोकं, मान, हातपाय, सगळं तपासलंय मी, कुठं लागलेलं नाही. मी अंगाखाली घेतलं नाही तिला, मी कुशीवर पडले. तरी तू तिला दाखवून आण. चार्ज घे."

"घेतला," मी म्हणाले आणि चिमीला उचलून छातीशी धरलं. मग मला रडू कोसळलं. आणि रडता रडता मी पायानं फरशी चाचपून बघत होते. कोरडी.

चिमीला खरंच काही झालं नव्हतं. मुलांच्या डॉक्टरांनी तिला उलटसुलट करून बघितलं, ती त्यांच्या नाकाला हात लावून हसली. सासूबाईंच्या हाताला प्लास्टर घातलं. नवरा दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला होता, तोंड एवढंसं करून. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं की कशा पडल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "पाय घसरला." पडले तरी नाक वर! मग मात्र मला राहवेना, मी सगळं सांगितलं. पट्टा, खुर्च्या, बेसिन, सगळं. नवरा माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टर म्हणाले, "हात आम्ही जोडू. पण पडतात का, हे शोधलं नाही तर पुढच्या खेपेला कंबरेचं हाड घेऊन याल." आणि त्यांनी आम्हाला म्हाताऱ्या माणसांच्याच डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. जाताना बजावलं की घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, एकही मागे ठेवू नका.

डबा मी स्वतः उचलला. सासूबाईंनी अडवलं नाही.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी डब्याला हात लावायच्या आधी सासूबाईंना चालताना बघितलं. खुर्चीतून उठा, दारापर्यंत जा, वळा, परत या. बस एवढंच. पण त्या ज्या नजरेनं बघत होत्या ती मला ओळखीची होती, मी काचेतला बारीक ओरखडा तशीच शोधते. मग आडवं झोपवून रक्तदाब घेतला, उभं करून लगेच घेतला, थोड्या वेळानं पुन्हा घेतला. उभं राहिल्यावर तो चांगलाच खाली आला होता. मग पलंगाच्या कडेला मान लटकवून, एका बाजूला वळवून, डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या.

"पलंगावर कूस बदलली की सगळी खोली फिरायची, असं कधी झालं होतं?"

"हो. खूप झालं त्याला. तेव्हाच तर ती गोळी सुरू झाली," सासूबाई म्हणाल्या.

"आता फिरते खोली?"

सासूबाई विचार करत राहिल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "आता फिरत नाही. आता नुसती मी पडते."

मग एक लोखंडी काटा निघाला, वाजवला की थरथरणारा. तो घोट्यावर ठेवला, पायाच्या अंगठ्यावर ठेवला. "थरथर कळते?" "नाही." गुडघ्यावर ठेवला. "हो, इथं कळते." डोळे मिटायला सांगून डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पायाचा अंगठा धरून वर केला, खाली केला. सासूबाई प्रत्येक वेळी ठामपणे सांगत होत्या, वर, खाली, वर. बहुतेक वेळा चुकत होत्या. त्यांना ते माहीत नव्हतं. मला आणि नवऱ्याला दिसत होतं. त्यानं मान खाली घातली.

"आता पाय जुळवून उभ्या राहा. मी धरायला आहे. डोळे मिटा."

डोळे उघडे होते तोवर त्या उभ्या होत्या. मिटले आणि त्या कलल्या. डॉक्टरीणबाईंनी खांद्याला धरून सावरलं.

"तोंड धुताना पडता का?"

मी दचकले. ही बाई आमच्या बाथरूममध्ये होती की काय!

सासूबाई पलंगावर बसल्या. "पायातल्या नसा गेल्यात का?" त्यांनी हळूच विचारलं. नर्सचा आवाज होता तो, पण पहिल्यांदाच पेशंटच्या तोंडून येत होता.

"कमी झाल्यात. रक्त तपासूया. साखरेची गोळी किती वर्षं? आणि ही पित्ताची? या दोन्ही मिळून वर्षानुवर्षं घेतल्या की बी-ट्वेल्व्ह खाली जातं. साखरेनंही नसा खराब होतात. मेट्रन, माणूस तोल तीन गोष्टींवर सांभाळतो. पायातल्या नसा जमीन कुठं आहे ते सांगतात, डोळे सांगतात, आणि कानातलं यंत्र सांगतं. तुमचे पाय आता गप्प झालेत. म्हणून तुम्ही डोळ्यांनी चालताय. डोळे मिटले की सगळा आधार गेला."

"आणि डोळे तरी कुठं धड," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा चष्मा उचलून उजेडात धरला. मला कळलं, त्यांनी सांगायच्या आधीच. खालचा भाग वाचायचा. त्यातून हातातलं पुस्तक स्वच्छ दिसतं. पण पावलासमोरची फरशी, उंबरा, जिन्याची पायरी, सगळं त्याच भागातून बघावं लागतं आणि तिथं ते विरघळलेलं दिसतं. मी रोज गिऱ्हाइकांना सांगते की जिन्यावर मान खाली घालून बघा, सवय लागेल. पण जिचे पायच तिला काही सांगत नाहीत, तिनं काय करायचं? माझे कान तापले. डॉक्टरीणबाई मला काही बोलल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "चालायला साधा लांबचा चष्मा करा. वाचायला वेगळा. आणि मोतीबिंदू आहेच, तो काढायचा."

मग डबा उघडला. त्यांनी एकेक पट्टी बाहेर काढून टेबलावर मांडली. झोपेची एक. रक्तदाबाच्या दोन, त्यातली एक लघवीवाटे पाणी काढणारी. साखरेची. पित्ताची. आणि ती चक्करेची.

"ही किती वर्षं?"

"चालूच आहे. चाल बिघडली तशी मी दिवसातून दोनदाची तीनदा केली."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "मेट्रन, ही थोड्या दिवसांची गोळी. जास्त चालली तर अंग आखडतं. पावलं लहान होतात, हात हलेनासे होतात, अक्षर बारीक होतं, चेहरा हसत नाही. तुम्ही पडायला लागलात म्हणून ही वाढवलीत, आणि ही वाढवलीत म्हणून आणखी पडलात."

नवऱ्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मला चिमीचं ते वाट बघणं आठवलं, ते मान वळवणं, आणि रागच आला, कुणाचा ते कळेना. त्या डब्याचा असेल.

"म्हणजे ही बंद केली की आई ठणठणीत?" नवऱ्यानं विचारलं.

"ही बंद करायची. आखडलेपण उतरेल, पण महिने लागतील, आणि पूर्ण उतरेलच असं मी म्हणणार नाही. झोपेची एकदम सोडायची नाही, हळूहळू कमी करू. पाण्याची गोळी बदलते. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं तर इंजेक्शनं. पण नसा गेल्या त्या सगळ्या परत येत नाहीत. फिजिओथेरपी, बाथरूमला धरायला दांड्या, पायाला धरून राहील असा बूट. त्या सपाता फेकून द्या." डॉक्टरीणबाई नवऱ्याकडे बघत होत्या. मग त्या सासूबाईंकडे वळल्या आणि आवाज खाली आणला. "आणि नातीला घेऊन चालायचं नाही. बसून, मांडीवर. उभं राहून नाही. कळलं?"

"कळलं."

"बाळ हातात असताना याआधी कधी पडलात?"

सासूबाई टेबलावरच्या पट्ट्यांकडे बघत होत्या. "नाही," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं घरी आल्या आल्या सपाता कचऱ्यात टाकल्या आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याची आई चूक असू शकते, हे पचायला त्याला वेळ लागणार होता. मी चिमीला दूध पाजून बाहेर आणलं. संध्याकाळचं ऊन दिवाणखान्यात आलं होतं आणि त्यात खुर्च्या तशाच पांगलेल्या होत्या. मी त्या जागेवर लावल्या नाहीत. मधल्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या, प्लास्टरचा हात पोटाशी धरून.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "चार्ज राहिलाय."

"आई, चिमी माझ्याकडेच आहे सकाळपासून."

"तिचा नाही."

त्या ताठ बसल्या. वॉर्डात कॉटच्या पायथ्याशी उभं राहून बोलतात तसा आवाज लावला, सपाट, न थांबता.

"पेशंट बाई. पडायला लागून वर्ष होत आलं. घरात कुणाला सांगितलं नाही. औषध स्वतः वाढवलं. पायांना जमीन कळत नाही, हे पेशंटला बऱ्याच दिवसांपासून माहीत आहे. बाळ हातात असताना तीनदा पडली. एकदा पलंगावर, त्यामुळे निभावलं. एकदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, तेव्हा खुर्ची हाताला लागली. तिसरी तू बघितलीस. पहिल्या दोन्ही दिवशी चार्ज देताना सांगितलं नाही." त्या थांबल्या. ओठ थरथरत होते, बाकी चेहरा होता तसाच. "बाळ या पेशंटच्या ताब्यात द्यायचं नाही. चार्ज घे."

तीनदा. मी ते दोन दिवस आठवू लागले. मी दुकानातून आले असेन, पर्स ठेवली असेल, त्या म्हणाल्या असतील दूध घेतलं, झोपली, पोट साफ, आणि मी घेतला म्हणाले असेन. आणि चहा टाकला असेल. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला ओरडायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलंत ना, लपवायचं नाही म्हणून! हे सगळं ओठांवर आलं होतं. मी चिमीला घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं.

चिमी माझ्या खांद्यावरून दाराकडे हात करत होती. बाहेर काहीच आवाज नव्हता. फरफर नव्हती, खुर्ची सरकल्याचा आवाज नव्हता. मी कान देऊन ऐकत राहिले. एक हात मोडलेला, सपाता कचऱ्यात, आणि "घेतला" म्हणायला कुणी नाही. त्या उठायला गेल्या तर? मी तशीच दार उघडून धावले.

त्या खुर्चीतच होत्या, त्याच बैठकीत. मी जवळ गेले आणि तोंडानं म्हणाले, "घेतला."

त्यांनी मान हलवली. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या न हलणाऱ्या चेहऱ्यावरून सरळ खाली गेलं.

मी दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या खुर्चीला चिकटवून बसले आणि चिमीला पुढे केलं.

"हातात देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मांडीवर ठेव. आणि तू सोडू नकोस."

मी चिमीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरून राहिले. चिमीनं वर बघितलं आणि बोळकं पसरून हसली, आणि वाट बघत राहिली. त्यांचा धड असलेला उजवा हात तिच्या डोक्याजवळ हवेतच थांबला होता. हजारो पोरांच्या डोक्यावरून फिरलेला तो हात. मी "धरा, आई" म्हणेपर्यंत त्यांनी तिला स्पर्श केला नाही.